उपपद लग्नावरून नवऱ्याचा स्वभाव सांगता येतो का?

शेवंता: माझं कन्या लग्न, रवी वृश्चिकेत. एका ॲपवर उपपद कुंभ दाखवतं, दुसऱ्यावर वृश्चिक. मंगळ तुळेत, शनी धनूत, गुरू मिथुनेत. मग नवरा शनीसारखा शांत की मंगळासारखा तापट?

पारावरचा: वृश्चिकच. उपपद म्हणजे बाराव्या स्थानाचं आरूढ: स्वामी त्या स्थानापासून जितका पुढे, तितकंच स्वामीपासून पुन्हा मोजायचं. बारावं स्थान सिंह, त्याचा स्वामी रवी चौथ्या राशीत. तिथून पुन्हा चार मोजले की कुंभ येते, पण ती सिंहेच्या बरोब्बर समोरची. आरूढ मूळ स्थानात किंवा त्याच्या सातव्यात पडलं, तर तिथून दहावी रास घ्यायची. कुंभेपासून दहावी वृश्चिक. पहिल्या ॲपने हा अपवाद घातलेला दिसत नाही.

नाना_सातारकर: मग तर कठीण आहे हो ताई. वृश्चिकेच्या दुसऱ्यात, धनूत शनी! उपपदाच्या दुसऱ्यात पापग्रह म्हणजे संसार मोडतो, असं सूत्रच आहे.

पारावरचा: नाना, अर्धंच सूत्र सांगून घाबरवू नका. त्या दुसऱ्या स्थानावर शुभग्रहाची दृष्टी असेल तर फळ बदलतं. जैमिनीत द्विस्वभाव राशी एकमेकींना बघतात, म्हणजे मिथुनेतला गुरू धनूला बघतोय. मी इथे उशीर आणि जबाबदारीचं ओझं म्हणेन, मोडणं नाही.

मीनल_ठाणे: माझ्याही उपपदाच्या दुसऱ्यात शनी आहे. लग्न चौतिसाव्या वर्षी झालं, संसार मस्त चाललाय. सासूबाईंचं काही विचारू नका.

खवचट: रवी वृश्चिकेत महिनाभर असतो आणि कन्या लग्न रोज दोनेक तास. म्हणजे त्या महिन्यात त्या वेळेला जन्मलेल्या सगळ्यांचं उपपद वृश्चिक, दरवर्षी! या सगळ्यांचे जोडीदार तापट?

पारावरचा: मुद्दा बरोबर आहे. म्हणूनच नुसत्या राशीवर स्वभाव सांगणं मला पटत नाही. उपपदेश कुठे बसलाय ते बघायचं. इथे मंगळ उपपदापासून बाराव्यात, शुक्राच्या राशीत. तापटपणापेक्षा घराबाहेर खर्च होणारा, फिरतीवरचा माणूस जास्त वाटतो. उपपदाचा खरा उपयोग लग्न कसं टिकतं हे बघायला. स्वभावासाठी सप्तमेश आणि दाराकारक आधी.

खवचट: पण तो मंगळही दीडेक महिना एकाच राशीत असतो. गर्दी थोडी कमी झाली, एवढंच.

नाना_सातारकर: आणि वृश्चिकेला केतूही स्वामी मानतात, त्याचं काय?

पारावरचा: मानतात. दोघांतला बलवान घ्यायचा. शेवंताताई, केतू कुठे आहे? आणि जन्मवेळ दवाखान्याच्या कागदावरची की घरच्यांनी सांगितलेली? लग्न सिंहेच्या टोकाला सरकलं, तर बारावं स्थान कर्क होईल आणि वरचं सगळं रद्द.

शेवंता: केतू कर्केत. वेळ आजीने सांगितलेली, ‘पहाटेच्या आधी’ एवढीच.

खवचट: घ्या!