मदत हवी आहे: हॉफमन एलिमिनेशनमध्ये १-ब्युटीनच का येतं?

रसायनवेडा
सेकंडरी-ब्युटिल ट्रायमिथाइल अमोनियम हायड्रॉक्साइड तापवलं की साधारण ९५ टक्के १-ब्युटीन मिळतं. तेच २-ब्रोमोब्युटेनवर अल्कोहोलमध्ये पोटॅशियम इथॉक्साइड घातलं, तर ८१ टक्के २-ब्युटीन. नोट्समध्ये एका ओळीचं उत्तर आहे: नायट्रोजनवाला गट मोठा, म्हणून. पण २-फ्लुओरोहेक्झेनपासूनही सुमारे ७० टक्के १-हेक्झीन येतं, आणि फ्लोरीन तर हॅलोजनांत सगळ्यात लहान! शिवाय हे करून बघायचं तर ०.१ मोल अमिनला सिल्व्हर ऑक्साइड किती लागेल?

टेस्टट्यूब
सिल्व्हर ऑक्साइड कशाला? हॉफमनला ब्रोमीन आणि पोटॅश लागतं. एक कार्बन कमी झालेलं अमिन मिळतं.

जुनी_प्रयोगवही
टेस्टट्यूब, ती अमाइडवरची अभिक्रिया. हॉफमन तोच, पण प्रश्न १८५१ सालच्या दुसऱ्या कामाचा आहे.

वलयांकित
नोट्स चूक नाहीत. न्यूमन प्रोजेक्शन काढून बघा. तिसऱ्या कार्बनवरचा हायड्रोजन नायट्रोजनच्या बरोबर विरुद्ध आणायचा, तर त्याच कार्बनवरचा मिथाइल नायट्रोजनला खेटून बसतो. उजवीकडे घ्या नाहीतर डावीकडे, सुटका नाही. टोकाच्या कार्बनवर तीनही हायड्रोजनच, तिथे कोणतीही स्थिती चालते. झालं की स्पष्टीकरण.

जुनी_प्रयोगवही
चित्र बरोबर आहे, पण "झालं" म्हणू नका. फ्लोरीनला त्यात उत्तर नाही. २-आयोडोहेक्झेनमधून १-हेक्झीन १९ टक्केच येतं. म्हणजे आयोडीन मोठं असून टोकाचं अल्कीन कमी, फ्लोरीन लहान असून जास्त. आकारावर चालत असतं तर उलट दिसायला हवं होतं.

फ्लोरीन आणि ट्रायमिथाइलअमिन यांच्यात समान काय, तर दोघंही सहजी निघत नाहीत आणि दोघंही इलेक्ट्रॉन जोरात ओढतात. आयोडाइड पटकन सुटतो, म्हणून संक्रमण अवस्थेत दुहेरी बंध बराच तयार झालेला असतो आणि जास्त प्रतिस्थापित अल्कीनच्या स्थैर्याचा फायदा तिथेच मिळतो. इथे कार्बन-नायट्रोजन बंध अजून फारसा ढिला झालेला नसताना बेसने हायड्रोजन बराच ओढलेला असतो. अभिक्रिया ई-टूच, पण कार्बनवर ऋणभार साचतो. तो भार टोकाच्या कार्बनला सोसतो; ज्याला अल्किल चिकटलाय त्याला जड जातो, कारण अल्किल आणखी इलेक्ट्रॉन ढकलतो. थोडक्यात, कुठला हायड्रोजन जास्त आम्लधर्मी, यावर निकाल लागतो.

कांचपात्र
मग माझं कोडं सांगा. माझ्या क्षारात नायट्रोजनवर दोन मिथाइल, एक इथाइल आणि एक २-फिनाइलइथाइल. नियमाने इथिलीन निघायला हवं, आलं जवळपास सगळं स्टायरीन. क्षार अशुद्ध होता का?

जुनी_प्रयोगवही
नाही, असंच येतं. फिनाइलशेजारचा हायड्रोजन जास्त आम्लधर्मी, तिथला ऋणभार वलयात पसरतो. वलयांकित, फिनाइल काही लहान गट नाही. अडचणीचाच हिशेब असता तर स्टायरीन मागे पडलं असतं.

वलयांकित
फिनाइलपुरतं मान्य. पण साध्या अल्किल साखळ्यांत दोन्ही परिणाम एकाच दिशेने ढकलतात. कुणाचा वाटा किती, हे कसं वेगळं काढणार? इनगोल्ड इलेक्ट्रॉनांच्या बाजूचे, एच. सी. ब्राउन आकाराच्या. तो वाद काही उगाच नव्हता.

जुनी_प्रयोगवही
ब्युटिलच्या बाबतीत आकडा फोडून दाखवता येत नाही, हे खरं.

आता प्रयोगाचं. ०.१ मोल अमिन म्हणजे ७.३ ग्रॅम. मिथिल आयोडाइड तीन मोलपट हवंच, म्हणजे ४२.६ ग्रॅम, वर थोडं जास्त. सोबत पोटॅशियम कार्बोनेट, नाहीतर वाटेत तयार होणारं आम्ल अमिनला बांधून ठेवतं. सगळं धुराड्यात, मिथिल आयोडाइड विषारी आहे. शुद्ध केलेला क्षार पूर्ण ०.१ मोल हाती आला तर २४.३ ग्रॅम भरतो. त्याला सिल्व्हर ऑक्साइड हिशेबाने ११.६ ग्रॅम, ताजं आणि ओलसर १३ घ्या. पाण्यात ढवळा, पिवळट सिल्व्हर आयोडाइड गाळा.

घोटाळा इथेच होतो. आयोडाइड उरला तर तापवताना तो मिथाइलवर हल्ला करतो. मिथिल आयोडाइड आणि तृतीयक अमिन परत मिळतं, अल्कीन घटतं. म्हणून गाळलेल्या द्रावाचा थेंब आधी नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करा, मग सिल्व्हर नायट्रेट घाला. पिवळी गढूळता आली तर ऑक्साइड कमी पडलंय. आम्ल न घालता तपासलंत तर हायड्रॉक्साइडमुळेच तपकिरी साका येईल आणि फसाल. द्राव उघडा ठेवू नका, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कार्बोनेट होतं.

कमी दाबाखाली पाणी काढून मग १०० अंशांच्या वर तापवा.

रसायनवेडा
बाहेर येणारा वायू थेट गोळा करू?

जुनी_प्रयोगवही
नको. ट्रायमिथाइलअमिन ३ अंशांना उकळतं, १-ब्युटीन उणे ६ ला. दोघं बरोबरच येतात. आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लातून जाऊ द्या, अमिन तिथे अडकतं. मग कोरड्या बर्फात थंड केलेल्या ट्रॅपमध्ये धरा. ब्रोमीन पाणी दोन्ही ब्युटीन रंगहीन करतात, त्यावरून प्रमाण कळणार नाही; गॅस क्रोमॅटोग्राफी करा.

कांचपात्र
आणि सिल्व्हर परवडत नसेल तर? हायड्रॉक्साइड रूपातलं आयन-विनिमय रेझिन चालेल ना?

जुनी_प्रयोगवही
चालतं. पण गाळल्यावर आयोडाइडची तीच चाचणी करा.