मदत हवी आहे : होणाऱ्या नवऱ्याच्या लाडिक मेसेजला काय उत्तर द्यायचं?

कृष्णाकाठची

माझं लग्न ठरलंय. डिसेंबरात साखरपुडा झाला, लग्न फेब्रुवारीत आहे, मध्ये पाच आठवडे उरलेत. मी सांगलीची, सीएच्या ऑफिसात काम करते. ते पुण्यात असतात, लग्नानंतर आम्ही दोघंच वाकडला भाड्याच्या वन बीएचकेमध्ये राहणार. आजवर आम्ही चारदा भेटलोय, त्यातल्या तीन वेळा आजूबाजूला दहा माणसं होती.

साखरपुड्यानंतर तिसऱ्या दिवशी त्यांचा मेसेज आला, "अंगठी घालताना हात तुझा थरथरत होता की माझा?" मी फक्त हसणारी स्मायली पाठवली. मग आलं, "हिरव्या साडीतून नजर हटत नव्हती." मी लिहिलं, "थँक्यू. जेवलात का?" गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला लिहिलं, "आत्ता इथे असतीस तर चहा मी केला असता आणि तुला शेजारून उठू दिलं नसतं." मी तो मेसेज वीसेक वेळा वाचला. उत्तर सुचलं नाही, तशीच झोपले. सकाळी त्यांचं "सॉरी, जास्तच बोललो का?" मी म्हटलं, "नाही नाही, तसं काही नाही."

तेव्हापासून फक्त हॉल, केळवणं आणि पत्रिकांची यादी. खरं सांगायचं तर मला ते मेसेज खूप आवडले होते. पण मी तसंच उत्तर दिलं तर "ही फारच पुढची आहे" असं त्यांना वाटेल का? शिवाय ते मला "तू" म्हणतात, माझ्याकडून "तुम्ही" सुटत नाही. कसं सुरू करू?

मोरपीस

अगं सोप्पं आहे. रोज छान तयार होऊन एक फोटो पाठव, मुलांना तेवढं पुरतं. आणि भीती वाटत असेल तर डिसअपिअरिंग मेसेज चालू कर, चोवीस तासांत सगळं पुसलं जातं, कुणाकडे काही राहत नाही.

आबा_कोल्हापूर

मुली, मुलगा रात्री-अपरात्री बोलतो म्हणून घाबरू नकोस, पण त्रास होत असेल तर घरच्यांच्या कानावर घाल. आमचं लग्न १९८८चं. मध्ये दीड महिना होता, तेवढ्यात दोन आंतरदेशीय पत्रं. पहिलं सासऱ्यांनी फोडलं, म्हणून दुसऱ्यात मी फक्त पावसाबद्दल लिहिलं. हिने ते अजून जपून ठेवलंय.

कृष्णाकाठची

आबा, त्रास नाही हो होत, उलट आहे. तेच त्यांना कळवता येत नाहीये.

पलीकडच्या_बाजूचा

मुलाच्या बाजूने सांगतो. गेल्या वर्षी मी याच जागी होतो. असा मेसेज टाकून ब्ल्यू टिक दिसली आणि उत्तर आलं नाही, की माणूस रात्रभर स्वतःचं वाक्य तपासत बसतो. सकाळी "तसं काही नाही" आलं, की त्याचा अर्थ "आवडलं नाही, पण सभ्यपणे सांगतेय" असाच लागतो. तुझा होणारा नवरा थंड पडलेला नाही, त्याने पाय मागे घेतलाय. चांगला माणूस दिसतोय.

शमा_काकू

मी विवाहपूर्व समुपदेशन करते, हा घोटाळा सारखा बघते. ठरवून केलेल्या लग्नात दोघंही समोरचा काय म्हणेल या धाकात असतात. त्याने पाऊल टाकलं, तू लाजलीस, त्याला तो नकार वाटला. त्यामुळे आधी लाडिक उत्तर शोधू नकोस, तो गैरसमज दूर कर. सरळ लिही : "त्या रात्रीचा मेसेज मला आवडला होता. उत्तर सुचलं नाही म्हणून गप्प बसले." यात पुढारलेपणा काही नाही, आणि तुझ्या गप्प बसण्याचा अर्थ काय घ्यायचा हेही त्याला कळतं.

मग चिडवायला सुरुवात कर, पण तुमच्या दोघांच्याच गोष्टींवरून. नेटवरची शायरी नको, ती कुणालाही पाठवता येते. त्याने अंगठीबद्दल विचारलं होतं ना? त्याचं उत्तर अजून बाकी आहे. वाकडचं घर तर खजिनाच आहे : पंखा कितीवर, भिंतीकडेला कोण, सकाळी आधी कोण उठणार. एकत्र राहायला गेल्यावर भांडणं याच गोष्टींवरून होतात. त्या आत्ता हसत-खेळत बोलून झाल्या, तर पहिल्या आठवड्यात परकं वाटत नाही.

वेग कसा ओळखायचा? तू एक पायरी चढलीस की थांब. त्याच सुरात उत्तर आलं आणि त्यात त्याची स्वतःची भर असली, तर पुढे जा. एका शब्दाचं उत्तर आलं किंवा विषय बदलला, तर तिथेच राहा. त्यालाही हेच सांग : "मी विषय बदलला तर थोडं थांबा, मी गप्प झाले तर विचारा." जवळ येण्याबद्दल मनात धाकधूक असेल तर तीही लिही, "लग्नाच्या रात्री मी दमलेली असेन, आपण नुसत्या गप्पा मारू." मला भेटलेल्या बऱ्याच मुलींना हे समोरासमोर बोलणं जड जातं, मेसेजमध्ये जमतं.

मोरपीस, फोटोचा सल्ला निम्माच बरोबर. साडीतला हसरा फोटो जरूर पाठवावा. पण पुसला जाणारा मेसेजही त्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेवता येतो, म्हणून जो फोटो तिसऱ्याने पाहिला तर चालणार नाही तो पाठवूच नये. आणि कुणी मागितला तर "नाही" म्हटल्यावर तो कसा वागतो, हे लग्नाआधी कळलेलं बरं.

कृष्णाकाठची

काकू, डोळ्यात पाणी आलं. एक अडचण सांगायची राहिली. माझा फोन हॉलमध्येच चार्जिंगला असतो. परवा त्यांचा मेसेज चुलतबहिणीने स्क्रीनवरूनच वाचला, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पलीकडच्या_बाजूचा

त्यांच्या चॅटला चॅट लॉक लाव. मग मेसेज आल्याचं कळतं, पण नाव आणि मजकूर दिसत नाही. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप उघडं ठेवत असशील तर तिथूनही लॉगआउट कर.

कृष्णाकाठची (दोन दिवसांनी)

काल रात्री लिहिलं. काकूंचं वाक्य जवळपास तसंच, आणि खाली, "हात माझाच थरथरत होता, पण घाम तुमच्या हाताला होता." मिनिटभरात तीन मेसेज आले. मग पंख्यावर घसरलो. त्यांना पाचवर लागतो, मला दोनवरसुद्धा थंडी वाजते. ते म्हणाले, "पाचवरच ठेवू, मग तूच जवळ सरकशील." मी फोन उशीखाली ठेवला आणि पाच मिनिटांनी लिहिलं, "विषय बदलत नाहीये, लाजतेय." ते म्हणाले, "मग मी थांबतो."

आज दुपारी मी त्यांना लग्नातल्या उखाण्याचा पहिला अर्धा भाग पाठवला, "वाकडच्या गॅलरीत सकाळचं कोवळं ऊन..." दिवसभर विचारत होते पुढे काय. रात्री पाठवला : "...रावांचं नाव घेते, पंखा दोनवर ठेवून!"

मोरपीस

अय्या, किती गोड! तो फोटोचा सल्ला मी मागे घेते.

कृष्णाकाठची

"तुम्ही" मात्र अजून सुटलं नाही. ते म्हणतात निदान मेसेजमध्ये तरी "तू" म्हण. पण सवय लागली आणि सासूबाईंसमोर तोंडातून गेलं तर?

आबा_कोल्हापूर

चारचौघांत अहोच म्हणावं. मोठ्यांना बरं वाटतं.

शमा_काकू

मला तसं नाही वाटत, आबा. पण त्यांच्या घरात काय चालतं ते तोच सांगू शकेल. विचार त्याला, आज रात्रीच.