रेषेच्या टोकालाच नाव लिहायचं की लेजंड ठेवायचं?

शाहूपुरीकर: राजाराम बंधाऱ्यावरच्या पंचगंगेच्या पातळीचा चार्ट करालोय, जून ते सप्टेंबर, २०१९ ते २०२४ अशा सहा रेषा. लेजंड काढून प्रत्येक रेषेच्या टोकाला साल लिहावं असं मला वाटतंय. पटतंय का?

तांबडा_पांढरा: नको भावा. लेजंड एका कोपऱ्यात गप पडलेलं असतंय, चार्ट मोकळा दिसतोय. आकडे लिहीत बसलास तर गिचमिड होईल.

शाहूपुरीकर: आकडे नव्हं ओ, फक्त सालाचं नाव.

गंगावेस_जुना: लेजंड मोकळं दिसतंय ते करणाऱ्याला. बघणारा रेष बघतोय, रंग डोक्यात धरून कोपऱ्यात जातोय, परत येईपर्यंत निळी कुठली नि जांभळी कुठली हे विसरतोय. त्यात कुणी काळी-पांढरी झेरॉक्स काढली की लेजंडचा विषय संपला.

पण तुझ्या चार्टात टोकाला लिहायचं चालणार नाही. सप्टेंबरअखेर पूर ओसरलेला असतो, सगळ्या रेषा खाली एकमेकींत मिसळलेल्या, तिथं सहा सालं एकावर एक चढणार. नाव रेषा जिथं सुट्ट्या होतात तिथं लिहायचं, म्हणजे पुराच्या शिखरावर. २०२१ चं शिखर जुलैअखेरचं, २०१९ चं ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातलं, आपोआप बाजूबाजूला येतात. २०२४ चं पण जुलैअखेरच, पण बरंच खाली, त्यामुळं जागा मिळते. ही तीन रंगीत ठेव, सालाचं अक्षर रेषेच्याच रंगात, बाकीची करड्या रंगात. ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे त्या आडव्या रेषांवरच डावीकडं लिही, जूनच्या सुरवातीला नदी खाली असते, तिथं मोकळंच असतंय.

एक्सेलमध्ये रेषेवर क्लिक, मग शिखराच्या ठिपक्यावर परत क्लिक, म्हणजे तो एकटा निवडला जातो. त्याला डेटा लेबल जोडून `Series Name` वर टिक कर आणि `Value` ची काढ.

रंकाळा_फेरी: त्यापेक्षा लेजंडच उजवीकडं घ्या की, रेषा ज्या क्रमानं संपतात त्याच क्रमानं नावं लावायची, काम भागतंय.

गंगावेस_जुना: रेषा शेवटी लांब लांब असतील तर भागतंय. इथं शेवटी क्रमच लागत नाही.

मार्केटयार्ड: आमच्यात गुळाच्या दराचा चार्ट दर आठवड्याला वाढतोय. टोकाला नाव लावलं की पुढच्या आठवड्यात ते जुन्याच ठिपक्यावर अडकलेलं, रेष पुढं गेलेली. वैतागून परत लेजंड लावलं.

गंगावेस_जुना: लेबल ठिपक्याला चिकटतंय, टोकाला नाही. शेजारी आणखी एक कॉलम कर, त्यात फक्त शेवटचा दर येऊ दे, बाकी ठिकाणी `NA()`. तारखा अ कॉलमात, दर ब मध्ये असतील तर:

```
=IF(A2=MAX(A:A),B2,NA())
```

ही वेगळी सिरीज चार्टात घे आणि लेबल पूर्ण सिरीजला लाव, मग नाव रेषेबरोबर सरकतंय. नवीन ओळींवर फॉर्म्युला ओढायचा आणि चार्टाची रेंज वाढवायची तेवढं बघ.

तांबडा_पांढरा: करड्या रेषांचं काय पण? एखाद्याला २०२०च बघायचं असलं तर त्यानं काय करायचं? तुम्ही तर त्याचं नावच पुसून टाकलं.

शाहूपुरीकर: हे मात्र खरंय. करड्या तिघींना बारीक अक्षरात सालं घालून बघतो, बसली तर बसली.