‘बारमाही विक्री’ म्हणावं का?

मंजिरी (इंदूर): आमचा बर्तन बाजारात भांड्यांचा घाऊक धंदा आहे. महिन्याच्या अहवालात मी त्या महिन्याच्या विक्रीशेजारी तोवरच्या बारा महिन्यांची बेरीजही देते, म्हणजे धनतेरस आणि लग्नसराईमुळे आकडे वरखाली झाले तरी धंदा वाढतोय की घटतोय ते कळतं. सीए याला ‘टीटीएम’ म्हणतात. सासरे अहवाल मराठीत वाचतात. ‘बारमाही विक्री’ कसं वाटतं?

सुधीर: एप्रिलपासून आजवरची बेरीज ना? मग ‘चालू वर्षाची विक्री’ लिहा, सरळ आहे.

मंजिरी: नाही, सुधीरदादा. ती मार्चनंतर परत शून्यापासून सुरू होते. ही कायम बारा महिन्यांचीच असते. जूनचा अहवाल केला की या वर्षीचा जून आत येतो आणि गेल्या वर्षीचा जून बाहेर पडतो.

वसंत जोशी: ‘बारमाही’ नको. बारमाही नदी, बारमाही पीक म्हणजे वर्षभर असणारं. तुमच्या सासऱ्यांना वाटेल की वर्षभर खपणाऱ्या मालाचा हा आकडा आहे. ‘वार्षिक’ही नको, कारण व्यापारी माणूस ते मार्चअखेरचं समजणार. मी ‘सरकती बारमासिक बेरीज’ म्हणेन. एक महिना येतो, एक जातो, हे ‘सरकती’त दिसतं.

अनघा: आम्हाला कॉलेजात ‘चल सरासरी’ शिकवलं होतं. तेच आहे हे, नवा शब्द कशाला?

वसंत जोशी: अनघाताई, बेरजेला बारानं भागलं की चल सरासरीच मिळते आणि आलेखाचा आकारही तोच राहतो, तिथवर तुमचं बरोबर. पण इथे आकडा भागलेला नाही. समजा बेरीज दीड कोटी आहे आणि सासऱ्यांनी ती महिन्याची सरासरी समजली, तर घोटाळा होईल. शीर्षकात ‘बेरीज’ हा शब्द हवाच.

आणि मंजिरीताई, ‘वाढतोय की घटतोय ते कळतं’ यावर फार विसंबू नका. धनतेरस इंग्रजी महिन्याला बांधलेली नाही. ती 2023 मध्ये 10 नोव्हेंबरला होती, 2024 मध्ये 29 ऑक्टोबरला. समजा तुमचा साधा महिना 10 लाखांचा आणि धनतेरसेचा 40 लाखांचा, म्हणजे बारा महिन्यांचे 150 लाख. सप्टेंबर 2024 अखेर बेरीज 150 येते. ऑक्टोबरअखेर 2023 चा साधा ऑक्टोबर गेला, धनतेरसेचा ऑक्टोबर आला, आणि बेरीज 180 झाली. त्या बारा महिन्यांत दोन धनतेरसी आहेत! नोव्हेंबरअखेर 40 गेले, 10 आले, परत 150. धंदा जिथल्या तिथे आहे.

मंजिरी: म्हणजे उलटंही होणार?

वसंत जोशी: होणारच. 2025 ची धनतेरस 18 ऑक्टोबरला, 2026 ची 6 नोव्हेंबरला, कारण मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. ऑक्टोबर 2026 अखेरच्या बारा महिन्यांत एकही धनतेरस नाही. याच हिशेबानं बेरीज 120 वर येईल आणि पुढच्या महिन्यात परत 150. प्रत्यक्षात खड्डा एवढा खोल नसेल, थोडी खरेदी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातच होते. तरी खात्री करायची असेल तर ऑक्टोबर आणि नोव्हेंबर मिळून एक आकडा धरा आणि मागच्या वर्षीच्या त्याच जोडीशी ताडून बघा.

प्रकाश: माझा अनुभव वेगळा आहे. मी हॉटेलांच्या किचनचं सामान पुरवतो. एका मार्चमध्ये मोठी ऑर्डर मिळाली. बेरीज वर्षभर उंच राहिली आणि पुढच्या मार्चमध्ये धाडकन पडली. तो मार्च चांगला गेला होता, पण बँकेचा माणूस म्हणाला, धंदा घसरलाय.

वसंत जोशी: प्रकाशभाऊ, तोच स्वभाव आहे तिचा. बेरीज बदलली की आधी बघायचं, आत काय आलं आणि बाहेर काय गेलं. दोन्ही महिने शेजारी छापले तर बँकेलाही दिसेल.

सुधीर: मग दिवाळी ते दिवाळीच धरा ना. जुन्या वह्या तशाच असत, त्यात धनतेरस एकदाच येणार.

अनघा: पण अधिक मासाच्या वर्षात महिने तेरा होतात, सुधीरदादा. 2025 च्या दिवाळीपासून 2026 च्या दिवाळीपर्यंत 384 दिवस येतात. जादा महिन्यामुळे बेरीज फुगलेली दिसेल.

सुधीर: दिवसांनी भागून घ्या.

वसंत जोशी: भागा, पण मग ती बेरीज राहत नाही. शिवाय जीएसटीचे आकडे इंग्रजी महिन्यांचे, ते दिवाळीच्या तिथीवर कापायचे कसे? ज्याच्याकडे रोजची विक्री नोंदलेली आहे त्यालाच हे जमेल.

मंजिरी: रोजची विक्री आमच्याकडे आहे, करून बघते. शीर्षक सध्या ‘ऑक्टोबर 2026 पर्यंतच्या 12 महिन्यांची बेरीज’ असं ठेवते आणि खाली ‘यात धनतेरस नाही’ अशी ओळ घालीन. ‘सरकती’ सासऱ्यांना ‘सरकारी’सारखं ऐकू येतं.

अनघा: मग ‘चल बेरीज’ का नको?

वसंत जोशी: इंदुरात? ‘चल’ म्हटलं की माणूस चपला घालेल. ‘फिरती बेरीज’ कुणी वापरतं का?