मदत हवी आहे: १५ महिन्यांच्या मुलाची झोप आणि जेवण यांचं वेळापत्रक

पिंपळपान
मुलगा १५ महिन्यांचा आहे. बायको ऑफिसला जाते, घरी मी असतो. तो साडेसहाला उठतो, दहाला तासभर झोपतो. साडेबाराला वरणभात भरवायला बसलो की दोन घास खाऊन चमचा फेकतो. पुन्हा साडेचारला झोपतो तो सहापर्यंत, मग रात्री साडेदहाशिवाय डोळा लागत नाही. जेवण, झोप आणि माझा स्वयंपाक एका ओळीत कसे बसवू?

सई_आई
दुपारची झोप बंद करून टाका. आणि रात्री बाटलीभर दूध जास्त द्या, पोट भरलं की सलग झोपेल.

मऊभात
सई_आई, दोनपैकी एक झोप जायची वेळ झाली आहे हे बरोबर. पण साडेचारचीच लगेच बंद केली, तर अकराला उठलेलं मूल रात्रीपर्यंत कसं तग धरणार? पुढे सरकवायची ती सकाळची. दुधाचं तर उलटंच होतं. या वयाला दिवसभरात ४०० ते ५०० मिली पुरे. त्यापुढे गेलं की जेवणाची भूक मरते आणि लोह कमी पडू लागतं. शिवाय तोंडात बाटली ठेवून झोपवलं की दात किडतात.

पिंपळपान, दहाची झोप दर तीन दिवसांनी १५ मिनिटं पुढे न्या. बारावर यायला साधारण साडेतीन आठवडे लागतील. तोवर दुपारची झोप साडेचारऐवजी साडेतीनच्या आत लावायची, अर्ध्या तासात मोडायची आणि चारच्या आत उठवायचं.

मधला टप्पा सगळ्यात किचकट, कारण झोप नेमकी जेवणाच्या वेळेवर येते. झोप साडेअकराच्या अलीकडे आहे तोवर झोपेआधी पाऊण केळं किंवा थोडा उपमा द्या आणि जेवण उठल्यावर. साडेअकरा गाठलं की क्रम उलटा: पावणेअकराला जेवण, मग झोप. पेंगुळलेलं मूल चावत नाही, घास गालात धरून बसतं. चमचा फेकतो तोही बहुधा त्यामुळेच, किंवा तासाभरापूर्वी दूध झालेलं असतं म्हणून.

घडी बसल्यावर दिवस असा दिसेल. साडेसहाला उठणं, थोड्या वेळाने १५० मिली दूध. आठला नाश्ता, साडेनऊला फळाच्या दोन-चार फोडी, त्यापुढे जेवणापर्यंत फक्त पाणी. सव्वाअकराला अर्धी वाटी मऊ खिचडी, वर चमचाभर तूप, बाजूला शिजवलेल्या गाजराचे तुकडे. वीस-पंचवीस मिनिटांत ताट उचलायचं, उरलं तर उरलं. बारा ते दोन झोप. उठल्यावर दूध, चारला खाऊ, साडेसहाला जेवण आणि पावणेआठला अंथरूण. रात्रीची पावणेअकरा आणि दुपारची दोन, म्हणजे पावणेतेरा तास. या वयाला ११ ते १४ तास लागतात, त्यात हे नीट बसतं.

तुमचा स्वयंपाक नाश्त्यानंतर, नऊ ते दहा. कुकरच्या शिट्ट्या आणि मिक्सर तो जागा असतानाच उरकून घ्या, खेळायला त्याला वाटी-डाव द्या. झोपेच्या वेळात भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या, आणि त्याआधी तुमचं स्वतःचं गरम जेवण.

डोंबिवलीकर
आमची तीन वर्षांची आहे, बालवाडीतून साडेबाराला येते आणि रिक्षातच झोपते. तिला काय खायला द्यावं?

मऊभात
तीन वर्षांचं गणित वेगळं, वेगळा धागा काढा. पण रिक्षातली झोप इथेही घात करते. अकराला दहा मिनिटांची डुलकी लागली तरी बाराची झोप उडते. त्यामुळे भाजी, बँक वगैरे बाहेरची कामं दुपारी तो झोपून उठल्यावरच ठेवा.

पिंपळपान
चार दिवस करून पाहिलं. साडेदहाला झोपतो, पण ४० मिनिटांत रडत उठतो. आणि बायको साडेआठला घरी येते. पावणेआठला झोपवलं तर तिची आणि त्याची भेटच होणार नाही.

मऊभात
रडत, डोळे चोळत उठला तर तो थकलेला आहे: त्या दिवशी रात्रीची झोप अर्धा तास अलीकडे घ्या आणि साडेदहावर दोन दिवस जास्त थांबा. हसत उठून खेळू लागला तर पुरेसा दमलेला नव्हता, सरकवत राहा.

भेटीचं म्हणाल तर सगळा दिवस तासभर पुढे नेता येतो, पण त्यासाठी सकाळी साडेसातपर्यंत अंधार हवा. जाड पडदे लावून पाहा.

सई_आई
पडद्यांनी आमच्याकडे काही फरक पडला नाही, दूधवाल्याच्या बेलने उठायचाच. सकाळचा तास बायकोला द्या, तेवढाच निवांत मिळतो.

पिंपळपान
बेल आजच बंद करतो. सकाळचं तिच्याशी बोलून बघतो. ती आठला निघते, म्हणजे नाश्ता तिच्या हातून पावणेआठला घ्यावा लागेल. मग साडेनऊची फळं सव्वानऊला आणू का?

मऊभात
नको. नाश्ता पाव तास अलीकडे आला एवढ्याने बिघडत नाही, फळं साडेनऊलाच ठेवा.