मदत हवी आहे: फोल्डरांचा क्रम स्क्रिप्टमध्ये 10, 11, 12 आणि मग 1 असा का येतो?

धागाकर्ती (वास्तुविशारद, धरमपेठ, नागपूर): आमच्या कार्यालयात प्रत्येक प्रकल्पाचे बारा फोल्डर असतात: `1_सातबारा`, `2_मोजणी`, अशा क्रमाने `12_पूर्णत्व` पर्यंत. विंडोजवर ते बरोबर क्रमाने दिसतात. मात्र लिनक्स सर्व्हरवरची पायथॉन स्क्रिप्ट नावे `sorted()` ने लावून पीडीएफ जोडते, तेव्हा पहिली तीन प्रकरणे 10, 11, 12 असतात आणि सातबारा त्यानंतर येतो. 1 नंतर 10 आले असते तर समजले असते, पण 1 च्याही आधी 10 कसे?

बर्डीकर: संगणक नाव अक्षरागणिक वाचतो, म्हणून असे होते. नावाआधी शून्य लावा, कोणत्याही यंत्रावर क्रम बिघडणार नाही.

वऱ्हाडी पाहुणा: माझ्या गाडीतल्या पेनड्राइव्हवर 01, 02 असे लिहूनही गाणी उलटसुलट वाजतात, त्यावर उपाय आहे का?

सर्व्हरवाला: पाहुणे, अनेक गाड्यांचे प्लेअर नाव पाहतच नाहीत, फाइल ज्या क्रमाने पेनड्राइव्हवर लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने वाजवतात, तेव्हा बर्डीकरांचे ‘कोणत्याही यंत्रावर’ तेवढे खरे नाही. ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर अंडरस्कोरमध्ये आहे. `1_` आणि `10_` यांचे पहिले अक्षर सारखेच, म्हणून तुलना दुसऱ्यावर होते, आणि तिथे `_` विरुद्ध `0` असा सामना असतो. संकेतांक तक्त्यात शून्याचा क्रमांक 48 आणि अंडरस्कोरचा 95 असल्याने `10_` पुढे जाते. तिथे हायफन (45) असता, तर 1, 10, 11, 12, 2 असा तुमच्या अपेक्षेतला क्रम आला असता. विंडोजचा एक्सप्लोरर एक्सपीपासून आकड्यांचा गट अख्खी संख्या म्हणून वाचतो, त्यामुळे तिथे दोष झाकला जातो. `01_` केल्यावर सर्व आकडे दोन अंकी होतात आणि निकाल चिन्हापर्यंत पोहोचायच्या आत लागतो.

```
for d in [1-9]_*; do mv -- "$d" "0$d"; done
```

हा नमुना फक्त एकअंकी नावांना लागू होतो, म्हणून चुकून दोनदा चालवला तरी `001_` होत नाही. आधी एका प्रकल्पाच्या प्रतीवर चालवून पाहा.

बर्डीकर: मग सरळ तीन अंकीच ठेवावे, म्हणजे शंभरी ओलांडली तरी अडचण नको.

सर्व्हरवाला: बारा प्रकरणांसाठी मला ते अनावश्यक वाटते. मध्ये नवे प्रकरण घालण्याची वेळ मात्र नक्की येईल, तेव्हा 10, 20, 30 अशी जागा सोडलेली बरी. बारावे 120 होते, म्हणून त्या पद्धतीत मात्र `010_` पासून तीन अंक लागतील.

धागाकर्ती: आभारी आहे. प्रतीवर क्रम बरोबर आला, पण जुन्या नकाशांमध्ये संदर्भ म्हणून जोडलेल्या फाइलींच्या मार्गात `2_मोजणी` हेच नाव आहे आणि त्या आता सापडत नाहीत. असे मार्ग एकगठ्ठा बदलण्याची खात्रीची रीत कोणी वापरली आहे का, की चालू प्रकल्प तसेच ठेवून शून्य फक्त नव्यांना लावावे?