‘sat rave’ म्हणजे सात की साठ?

अडत्या, शाहूपुरी
आमच्या गुऱ्हाळावरच्या पोरांकडं बटणांचे फोन आहेत, त्यात देवनागरी नाही. मग मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहितात. परवा निरोप आला, `sat rave pathavle`. मी साठ वाचलं आणि गिऱ्हाइकाला शब्द देऊन बसलो. टेम्पोतनं उतरले गुळाचे सात रवे. लिहायचा काही नियम ठरवावा, की ज्याला जसं जमंल तसं लिहू द्यावं?

मास्तरीण, राजारामपुरी
नियम कसला? देवनागरीतच लिहायला लावा. आता सगळ्या फोनांवर ती दिसते.

मोबाइल दुरुस्तीवाला, लक्ष्मीपुरी
बाई, सगळ्या नाही. माझ्याकडं आजही असे फोन येतात, ज्यांत देवनागरी निरोपाच्या जागी नुसते चौकोन दिसतात. शिवाय साध्या एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं 160 मावतात. देवनागरीचं एक अक्षर जरी आलं, तरी मर्यादा 70 वर येते, आणि काना-मात्राही त्यात वेगळ्या मोजल्या जातात. गुऱ्हाळावरच्या पोराला ते परवडत नाही.

नंदाकाकू, कळंबा
माझ्या फोनचं पण असंच होतंय. मी `aahe` लिहिलं की तो त्याचं भलतंच काहीतरी करतो.

मोबाइल दुरुस्तीवाला
काकू, तुमचा टचचा फोन दिसतोय. कीबोर्डच्या सेटिंगमधली शब्द आपोआप सुधारायची सोय बंद करा. मराठी कीबोर्डही तिथंच मिळंल. अडत्यांचं दुखणं निराळं आहे.

जुना कंपोझिटर
इंग्रजी अक्षरांत त आणि ट, न आणि ण, ल आणि ळ यांना वेगळं घर नाही, मूळ गोची तिथंच आहे. साठमधल्या ठ साठी `th` लिहावं, तर थ सुद्धा `th`, म्हणजे `sath` हे साथही होतं. घाईत `h` गळाला की `sat` उरतं, मग सात की साठ ते ताडायला काहीच राहत नाही. संगणकावर मराठी लिहायची ITRANS ही जुनी पद्धत यासाठीच मोठी अक्षरं वापरते: ट `T`, ड `D`, ण `N`, ळ `L`. आ साठी `aa`. मग `saat` म्हणजे सात, `saaTh` म्हणजे साठ, `guuL` म्हणजे गूळ. चार अक्षरं शिकायची, बास.

मोबाइल दुरुस्तीवाला
मामा, बटणांच्या फोनवर एका `L` साठी लहान-मोठं बदलायची कळ दाबायची, पाच नंबरचं बटण तीनदा दाबायचं, मग परत लहान करायचं. आणि वाक्याचं पहिलं अक्षर फोन आपणहून मोठं करतोय. `Tala` आलं तर टाळा की ताळा?

जुना कंपोझिटर
ट-ड बद्दल तुमचं खरं आहे. पण मराठीत शब्द ळ नं किंवा ण नं सुरू होत नाही, त्यामुळं तिथं हा गोंधळ व्हायचं कारण नाही.

ऊसकरी, करवीर
आमच्या घरात वीस वर्षं असंच लिहितोय. `kal` मध्ये काल, कळ, काळ, कल सगळं बसतं. पण `kal gadi ali` म्हटल्यावर कुणी अडलंय का? पुढचं क्रियापद सांगतंय. फक्त `kal ali ka` असलं अर्धवट आलं, की फोन करावा लागतो.

जुना कंपोझिटर
हे मान्य. पण `sat rave` मध्ये क्रियापद काय सांगणार? पाठवले सातही असतात, साठही. शेजारच्या शब्दानं अर्थ उलगडत नाही तिथंच खूण हवी.

ऊसकरी, करवीर
मग आकडा लिहा की. `7 rave`. तारीख पण आकड्यात, `kal` लिहायचंच नाही. ठ आणि त चा प्रश्नच मिटला.

मास्तरीण, राजारामपुरी
आकड्याचं पटलं. पण पोरं उद्या शाळेच्या वहीतही असंच लिहितील, ही माझी भीती जात नाही.

अडत्या, शाहूपुरी
उद्यापासून नग, वजन, तारीख आकड्यात. शब्दात आलं तर माल नोंदवायचा नाही, उलट फोन करायचा. `aa` पण सांगतो, त्याला तेच बटण जरा थांबून दोनदा दाबायचं, पोरांना जमंल. मोठ्या अक्षरांचं मात्र सांगणार नाही, गूळ `gul` लिहिला तरी माझ्या अडतीत दुसरं काय समजणार?

जुना कंपोझिटर
गुळाचं ठीक. गावाचं काय कराल? पोरगं `aa` विसरलं आणि `Kale` असा निरोप आला, तर टेम्पो पन्हाळ्यातल्या कळ्याला लावायचा की कराडजवळच्या काल्याला? तिथं आकडा नाही. ळ ला मोठं `L` पाहिजेच.

ऊसकरी, करवीर
पाहिजेच असं नाही. `Kale Panhala` लिहा. तालुका लिहिला की झालं.

जुना कंपोझिटर
आणि गावाचं नसून काळे आडनावाच्या गिऱ्हाइकाचं असलं तर?

अडत्या, शाहूपुरी
तसं एक गिऱ्हाईक आहे माझं. त्याचं काय लिहायचं ते सांगा.